भागीदारी फर्मच्या चालू खात्यावरील सहीचा अधिकार बदलायचा आहे: बँकेने पत्र तीन वेळा परत केले

हळदपेठ:

आमची सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या व्यापाराची नोंदणीकृत भागीदारी फर्म आहे. काका, माझे वडील आणि मी असे तीन भागीदार आहोत. एका राष्ट्रीयीकृत बँकेत फर्मचे चालू खाते असून ते 'कोणत्याही दोघांच्या संयुक्त सहीने' चालते. वडील दोन वर्षांपासून पुण्याला बहिणीकडे असल्यामुळे प्रत्यक्षात काका आणि मी असे दोघेच चेकवर सही करतो.

अडचण अशी आहे की काकांचे वय आता ७४ असून त्यांच्या हाताला कंप सुटला आहे. गेल्या वर्षी बँकेने त्यांची नवी नमुना सही घेतली होती, तरीही त्यानंतर दोन चेक 'सही जुळत नाही' या शेऱ्यासह परत आले. खात्यात पैसे असताना चेक परत येणे बाजारात फार लागते. म्हणून काकांनीच सुचवले की त्यांच्या सुनेला, म्हणजे माझ्या वहिनींना, सहीचा अधिकार द्यावा. पेढीचे हिशेब गेली सहा वर्षे त्याच पाहतात. काका भागीदार म्हणून राहणारच आहेत आणि वहिनी भागीदार होणार नाहीत.

पहिले पत्र काकांच्या आणि माझ्या सहीने दिले. खाते दोघांच्या सहीने चालते, तर पत्रालाही दोन सह्या पुरतील असे मला वाटले होते. बँकेने ते 'सर्व भागीदारांच्या सह्या नाहीत' म्हणून परत केले. दुसरे पत्र वडिलांची सही घेऊन दिले. त्यात 'काकांच्या ऐवजी यापुढे वहिनींची सही ग्राह्य धरावी' असे एकच वाक्य होते. त्यावर बँकेने नवा भागीदारी करारनामा मागितला. तिसऱ्या पत्रात वहिनी भागीदार नसल्याचे स्पष्ट केले, तेव्हा 'जुन्या चेकबाबत आणि अधिकाराच्या मर्यादेबाबत उल्लेख नाही' असा शेरा मिळाला. आता चौथे पत्र लिहिण्यापूर्वी जाणकारांना विचारावे असे ठरवले आहे.

सुनीती ठाणे:

यासाठी संचालक मंडळाचा ठराव लागतो. ठरावाची प्रमाणित प्रत, त्यावर एका संचालकाची किंवा कंपनी सचिवाची सही आणि नव्या व्यक्तीची नमुना सही एवढे दिले की काम होते. आमच्या कंपनीत दर दोन-तीन वर्षांनी हे करावे लागते आणि त्यासाठी सर्व संचालकांच्या सह्या कधीच लागल्या नाहीत. तुमची बँक विनाकारण अडवणूक करत आहे असे दिसते.

हळदपेठ:

ताई, आमची कंपनी नाही, भागीदारी फर्म आहे. आमच्याकडे संचालकही नाहीत आणि ठरावही होत नाहीत.

निपाणीकर:

बँकेने मागितले ते बरोबर आहे. सही करणारी व्यक्ती बदलली की करारनामा बदलावाच लागतो, कारण खाते कोणी चालवायचे याचे कलम करारनाम्यात असते. आमच्या तंबाखूच्या फर्ममध्ये आम्ही पुरवणी करारनामा केला, त्याची फर्मच्या निबंधकाकडे नोंद केली आणि मगच बँकेने नवी सही घेतली. तुम्हीही त्याच मार्गाने जावे. वेळ लागेल, पण पुढे कटकट राहणार नाही.

जुना शाखाधिकारी:

मी ३४ वर्षे बँकेत काढली. त्यातील ११ वर्षे शाखाप्रमुख म्हणून बाजारपेठांच्या गावांतच होतो, त्यामुळे अशी पत्रे मी घेतलीही आहेत आणि परतही केली आहेत. आधी निपाणीकरांच्या मुद्द्याविषयी लिहितो, कारण तो अर्धा बरोबर आहे.

तुमच्या फर्ममध्ये बहुधा नवा भागीदार आला असावा किंवा जुना गेला असावा. त्याला फर्मच्या घटनेतील बदल म्हणतात. त्यासाठी करारनामा लागतो आणि निबंधकाकडे नोंदही लागते. हळदपेठ यांच्याकडे तसे काहीच घडलेले नाही. तिघेही भागीदार जिथल्या तिथे आहेत, फक्त फर्मच्या वतीने चेकवर सही कोणी करायची हे बदलत आहे. मात्र एक गोष्ट त्यांनी आधी पाहावी. करारनाम्यातील बँक व्यवहाराच्या कलमात 'खाते फक्त भागीदारच चालवतील' असे शब्द असतील, तर पुरवणी करारनामा करावाच लागेल. 'भागीदार परस्पर संमतीने ठरवतील त्याप्रमाणे' असे शब्द असतील, तर पत्र पुरेसे आहे. बहुतेक जुन्या करारनाम्यांत दुसरा मजकूर असतो, पण अंदाजावर राहू नये.

बँकेने करारनामा का मागितला, तेही तुमच्या दुसऱ्या पत्रातच आहे. 'काकांच्या ऐवजी वहिनी' या वाक्यातून काका फर्म सोडून गेले आणि वहिनी त्यांच्या जागी आल्या, असाही अर्थ निघतो. काउंटरवरच्या अधिकाऱ्याला तुमच्या घरातले काही ठाऊक नसते, तो समोरचा कागद वाचतो. म्हणून पत्राचे पहिले वाक्यच असे असावे की फर्मच्या घटनेत कोणताही बदल झालेला नाही आणि खाली सही करणारे तिघे हेच फर्मचे सर्व भागीदार आहेत.

कलम आणि शाई:

मी वकिली करतो. सर्व भागीदारांच्या सह्यांचा बँकेचा आग्रह मला कायद्याने पूर्ण टिकणारा वाटत नाही. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम १२ नुसार, वेगळा करार नसेल तर धंद्याच्या नेहमीच्या बाबींवरील मतभेद भागीदारांच्या बहुमताने मिटवता येतात. चेकवर सही कोणी करायची ही नेहमीची बाब नाही तर काय? तिघांपैकी दोघांनी ठरवले तर तेवढे पुरेसे असायला हवे.

जुना शाखाधिकारी:

वकीलसाहेब, ते कलम भागीदारांच्या आपसातील नात्याविषयी आहे. घरात दोघांनी मिळून तिसऱ्याचे मत बाजूला सारले, तर त्या दोघांचे वागणे नियमाला धरून आहे की नाही हे त्यावरून ठरेल. बँकेचे नाते निराळे आहे. खाते उघडताना सर्व भागीदारांनी सही केलेले एक पत्र बँकेच्या दप्तरात असते. आम्ही त्याला भागीदारी पत्र म्हणायचो. खाते कोणाच्या सहीने चालेल हे त्यात सर्वांनी मिळून सांगितलेले असते आणि बदल लेखी कळवू असे मान्यही केलेले असते. तिघांनी मिळून दिलेली सूचना दोघे बदलू लागले, तर तिसरा उद्या येऊन विचारू शकतो की माझ्या फर्मचे पैसे तुम्ही कोणाच्या सांगण्यावरून दिले. त्या वेळी बँकेकडे उत्तर नसते.

'कोणत्याही दोघांच्या सहीने' ही सूचना खात्यातून पैसे काढण्यापुरती असते, ती सूचनाच बदलण्याचा अधिकार त्यात येत नाही. हळदपेठ यांचे पहिले पत्र इथेच अडकले. चावी वापरायला दोघे पुरतात, कुलूप बदलायला घरातले सगळे लागतात.

याची उलट बाजूही सांगतो. अधिकार थांबवण्यासाठी मात्र एकटा भागीदार पुरतो. तुमच्या वडिलांनी उद्या पुण्याहून लेखी कळवले की मला विचारल्याशिवाय या खात्यातून पैसे देऊ नका, तर बँक जुनी सूचना बाजूला ठेवते आणि तिघांच्या संयुक्त सहीशिवाय व्यवहार करत नाही. मी असे तीनदा केले आहे आणि तिन्ही वेळा भावाभावांचेच भांडण होते.

कलम आणि शाई:

कराराचा मुद्दा मान्य आहे. पण ज्या फर्ममध्ये तिसरा भागीदार परदेशात आहे किंवा मुद्दाम सही देत नाही, तिथे बहुमताला काही अर्थ उरत नाही, ही माझी तक्रार कायम आहे.

मोटार पार्ट्स नगर:

माझाही प्रश्न याच प्रकारचा आहे, म्हणून इथेच विचारतो. आम्ही दोघे भागीदार होतो, मध्ये तिसरा घेतला आणि मार्चमध्ये जुना भागीदार निवृत्त झाला. बँकेला सही बदलण्याचे पत्र दिले, तर शाखेने खातेच थांबवले आणि नवीन खाते उघडायला सांगितले. आमचे कॅश क्रेडिट खाते आहे, त्यात त्या दिवशी साडेअकरा लाखांची उचल होती. हळदपेठ यांना तेच खाते चालू ठेवता येते, मग आम्हाला का नाही?

जुना शाखाधिकारी:

कारण तुमच्याकडे दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत: भागीदार खरोखर गेला आणि खात्यावर बँकेचे येणे होते. यामागे १८१६ सालचा एक इंग्लिश निकाल आहे. बँकेत आम्ही त्याला क्लेटनचा नियम म्हणायचो. चालत्या खात्यात जमा होणारी रक्कम आधीच्या नावेतून आधी वळती होते, असे तो सांगतो. भारतीय करार अधिनियमाच्या कलम ६१ मध्येही, कोणीच काही सांगितले नसेल तर रकमा काळाच्या क्रमाने वळत्या करायच्या, असेच तत्त्व आहे.

तुमच्या आकड्यांवर पाहू. निवृत्तीच्या दिवशी येणे साडेअकरा लाख. खाते तसेच चालू ठेवले आणि पुढच्या दोन महिन्यांत बारा लाख जमा झाले, तेरा लाख काढले गेले, तर कागदावर येणे साडेबारा लाख दिसेल. पण त्या बारा लाखांनी जुने साडेअकरा लाख फिटलेले असतात. आता दिसणारे सगळे येणे नव्या उचलीचे आहे आणि त्या उचलीशी निवृत्त भागीदाराचा संबंध उरत नाही. जुन्या भागीदारावरची जबाबदारी अशी नकळत सुटू नये म्हणून बँक तिथेच रेघ मारते आणि पुढचे व्यवहार नव्या खात्यात घेते. हळदपेठ यांचे खाते जमा शिलकेचे आहे आणि कोणी गेलेलेही नाही, म्हणून त्यांना ही रेघ लागू नाही.

तुमच्या जुन्या भागीदाराने निवृत्तीची जाहीर सूचना दिली आहे का, तेही पाहा. निबंधकाला सूचना, राजपत्र आणि जिल्ह्यात खपणारे एक स्थानिक भाषेतील वर्तमानपत्र, असे तिन्ही ठिकाणी कळवावे लागते. पण यापुढे तुम्ही वेगळा धागा काढलात तर बरे होईल, नाहीतर हळदपेठ यांचे पत्र बाजूलाच राहील.

हळदपेठ:

करारनामा काढून पाहिला. बँकेच्या कलमात 'भागीदार वेळोवेळी लेखी ठरवतील त्याप्रमाणे' असे शब्द आहेत, तेव्हा तो प्रश्न मिटला. आता जुन्या चेकविषयी. सध्या आमचे चार चेक बाहेर आहेत आणि चारही काकांच्या व माझ्या सहीचे आहेत. दोन याच महिन्याच्या २० आणि २४ तारखेचे असून ते वाहतूकदाराला दिले आहेत. उरलेले दोन बारदानाच्या व्यापाऱ्याला दिलेले पुढील तारखांचे आहेत, पुढच्या महिन्याच्या १० आणि २५ तारखेचे. नवी व्यवस्था पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून लागू करावी असा विचार आहे. चेक दिला तेव्हा सहीचा अधिकार होता, एवढे पुरेसे नाही का?

जुना शाखाधिकारी:

तुमच्या बाजूने विचार केला तर पुरेसे वाटते, पण बँकेत चेक कसा पास होतो ते पाहा. आता चेक शाखेत येतच नाही. त्याची प्रतिमा क्लिअरिंगच्या केंद्रीय कार्यालयात जाते आणि तिथला कर्मचारी पडद्यावर एका बाजूला चेक, दुसऱ्या बाजूला संगणकातील नमुना सही पाहून निर्णय घेतो. तुमचे पत्र शाखेच्या फायलीत कितीही नीट लावलेले असले तरी त्याला ते दिसत नाही. शाखेने १ तारखेला काकांची सही संगणकातून काढली की २ तारखेला आलेला २४ तारखेचा चेक परत जाणार. ऑक्टोबर २०२५ पासून चेकचा निर्णय त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत द्यावा लागतो, त्यामुळे शाखेला दूरध्वनी करून विचारण्याइतकी उसंतही आता तिकडे नसते.

म्हणून पत्रात दोन गोष्टी वेगवेगळ्या मागाव्यात. बदलाच्या तारखेआधीच्या चेकची यादी क्रमांक, तारीख, रक्कम आणि नावासह द्यावी आणि ते जुन्या सह्यांवर पास करावेत असे लिहावे. तसेच काकांची नमुना सही लगेच काढून न टाकता, 'या यादीपुरतीच ग्राह्य' अशा नोंदीसह ठेवावी, असे स्पष्ट मागावे. चेक तारखेपासून तीन महिने चालतो, तेव्हा ही नोंद त्या मुदतीपर्यंत राहावी लागते. काही शाखा हे करतात, काही म्हणतात की आमच्या संगणकात तशी सोय नाही. त्यामुळे पत्र देण्यापूर्वी शाखेत तोंडी विचारून घ्या.

पुढील तारखांचे दोन चेक मात्र यादीत घालू नका. ते परत घ्या आणि नव्या सह्यांचे चेक द्या. नव्या व्यवस्थेनंतरच्या तारखेचा चेक जुन्या सहीवर पास करायला कोणताही अधिकारी कचरेल.

कलम आणि शाई:

हा मुद्दा हलका घेऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये लक्ष्मी डायकेम विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात नेमक्या अशाच परिस्थितीवर निकाल दिला आहे. कंपनीने चेक दिले, नंतर सही करणारे अधिकारी बदलले आणि चेक 'सही जुळत नाही' म्हणून परत गेले. कंपनीने आम्ही चेक बदलून द्यायला तयार होतो असे कळवले होते. तरीही न्यायालयाने सांगितले की केवळ या कारणाने चेक परत आला म्हणून कलम १३८ लागू होत नाही, असे म्हणता येणार नाही. नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत पैसे दिले तर प्रश्न मिटतो, न दिले तर खटला उभा राहू शकतो. म्हणजे खात्यात पैसे होते आणि आमची फक्त सही बदलली, हा बचाव आपोआप चालत नाही. बारदानाच्या व्यापाऱ्याला लेखी कळवा आणि त्याची पोहोच ठेवा.

निपाणीकर:

एवढे सगळे करण्यापेक्षा काकांचा अंगठा घेतला तर चालणार नाही का? वृद्ध खातेदारांसाठी रिझर्व्ह बँकेची तशी सूचना आहे असे मी वाचले आहे.

जुना शाखाधिकारी:

सूचना आहे, पण ती आजारी आणि अशक्त खातेदारांना स्वतःच्या खात्यातून पैसे काढता यावेत म्हणून आहे. तिथे अंगठ्याला दोन साक्षीदार लागतात आणि त्यांपैकी एक बँकेचा अधिकारी असावा लागतो. रोज पाच-सात चेक निघणाऱ्या पेढीत हे कसे जमणार? शिवाय अंगठ्याचा चेक बाजारात कोणी सहजी घेत नाही.

हळदपेठ:

अधिकाराच्या मर्यादेबाबत काय लिहावे? मी 'कोणत्याही दोघांच्या सहीने' हेच शब्द ठेवून फक्त नावे बदलणार होतो: वडील, मी आणि वहिनी.

जुना शाखाधिकारी:

आज त्याचा परिणाम बरोबरच होईल, कारण तिघांत बिगर भागीदार एकच आहे आणि कोणत्याही दोघांत एक तरी भागीदार येणारच. पण दोन वर्षांनी तुम्ही मुनीमजींचे नाव यात वाढवले, तर वहिनी आणि मुनीमजी असे दोन बिगर भागीदार मिळून फर्मचे खाते चालवू लागतील. त्या वेळी जुने शब्द कोणी तपासत नाही. म्हणून 'किमान एक भागीदार' हे शब्द आजच घाला. वहिनींना कर्ज काढणे, तारण देणे किंवा हमी देणे यांचा अधिकार नाही, असेही एक वाक्य असावे. ते बँकेसाठी जितके आहे तितकेच वहिनींसाठीही आहे, कारण उद्या कोणी त्यांच्यापुढे कसलाही कागद सहीसाठी सरकवू शकतो.

माझ्या हाताखालून गेलेल्या पत्रांच्या धर्तीवर एक मसुदा देतो. रिकाम्या जागा तुम्ही भरा.

प्रति,
शाखा व्यवस्थापक, ………… बँक, ………… शाखा

विषय: चालू खाते क्रमांक …………, खातेदार मे. ………… : खाते चालवण्याच्या अधिकारात बदल

महोदय,

आम्ही खाली सही करणारे तिघेजण वरील फर्मचे सर्व भागीदार आहोत. फर्मच्या घटनेत कोणताही बदल झालेला नाही.

सध्या हे खाते आमच्यापैकी कोणत्याही दोघांच्या संयुक्त सहीने चालते. श्री. ………… हे प्रकृतीच्या कारणास्तव यापुढे खात्यावर सही करणार नाहीत. ते फर्मचे भागीदार म्हणून कायम आहेत. त्यांचा खाते चालवण्याचा अधिकार दिनांक ………… पासून संपुष्टात आला असे समजावे.

त्याच दिनांकापासून आम्ही श्रीमती ………… यांना, ज्या फर्मच्या भागीदार नाहीत, फर्मच्या वतीने या खात्यावरील चेक व पैसे पाठवण्याच्या अर्जांवर सही करण्याचा अधिकार देत आहोत. यापुढे खाते श्री. …………, श्री. ………… आणि श्रीमती ………… यांच्यापैकी कोणत्याही दोघांच्या संयुक्त सहीने चालेल; मात्र त्या दोघांपैकी किमान एक जण भागीदार असला पाहिजे. श्रीमती ………… यांना फर्मच्या वतीने कर्ज घेण्याचा, तारण अथवा हमी देण्याचा किंवा खाते बंद करण्याचा अधिकार राहणार नाही. या अधिकारात त्यांनी केलेले व्यवहार फर्मवर व आम्हा सर्वांवर बंधनकारक राहतील. आमच्यापैकी कोणीही लेखी कळवल्यास हा अधिकार त्या क्षणापासून थांबवावा.

सोबतच्या यादीतील दोन चेक वरील दिनांकापूर्वीचे असून ते आधीच्या सह्यांवर पास करावेत आणि त्यासाठी श्री. ………… यांची नमुना सही त्या यादीपुरती कायम ठेवावी. आधीच्या सह्यांचा अन्य कोणताही चेक पास करू नये.

श्री. ………… यांचा या खात्यावरील इंटरनेट बँकिंगचा वापरकर्ता क्रमांक बंद करावा व नोंदवलेला मोबाइल क्रमांक बदलून ………… हा करावा.

श्रीमती ………… यांची ओळखीची व पत्त्याची कागदपत्रे, पॅन, छायाचित्र आणि आमच्यासमक्ष केलेल्या नमुना सह्या सोबत जोडल्या आहेत.

कृते मे. …………
(तिन्ही भागीदारांच्या सह्या, नावे आणि फर्मचा शिक्का)

काकांची या पत्रावरची सही कंपामुळे जुळणार नाही, हे आधीच धरून चाला. त्यांना ओळखपत्रासह शाखेत न्या आणि अधिकाऱ्यासमोर सही करायला सांगा. मग तो अधिकारी 'माझ्यासमक्ष' असे लिहून सही करील. सही जुळत नाही म्हणून सही बदलण्याचे पत्रच परत गेलेले मी पाहिले आहे.

सुनीती ठाणे:

इंटरनेट बँकिंगचे वाक्य कोणीही गाळू नये. आमच्याकडे चेकवरचा अधिकार बदलला, पण जुन्या अधिकाऱ्याचा वापरकर्ता क्रमांक आठ महिने चालू राहिला होता. त्यातून नुकसान झाले नाही, एवढेच. बँकेने सांगितले की त्याचा अर्ज वेगळा असतो. जीएसटीच्या पोर्टलवरही काका अधिकृत सही करणारे असतील, तर तिथला बदल स्वतंत्रपणे करावा लागतो. बँकेला कळवून तो होत नाही.

हळदपेठ:

दोन आठवड्यांनी लिहीत आहे. काकांना घेऊन शाखेत गेलो होतो. अधिकाऱ्याने पत्र पूर्ण वाचले आणि काकांची सही समोर घेतली. वडिलांच्या सहीसाठी पत्र कुरियरने पुण्याला पाठवले होते. त्यांच्या सहीची खातरजमा बँकेने पुण्यातील आपल्याच शाखेकडून करून घेतली, त्यात चार दिवस गेले. इंटरनेट बँकिंगसाठी ताईंनी म्हटल्याप्रमाणे वेगळा छापील अर्ज भरावा लागला, पत्रातील वाक्य पुरले नाही. वाहतूकदाराचे दोन्ही चेक १ तारखेच्या आतच वटले, त्यामुळे जुन्या सहीची नोंद ठेवण्याची वेळ आली नाही.

एका गोष्टीवर मात्र अडले आहे. अधिकारी म्हणतात की वहिनी भागीदार नसल्यामुळे त्यांना दिलेला अधिकार म्हणजे मुखत्यारपत्रच झाले, तेव्हा तो मुद्रांकावर नोटरी करून द्यावा. याच बँकेच्या मिरजेतील शाखेने आमच्या ओळखीच्या पेढीकडून साधे पत्र घेतले होते.

जुना शाखाधिकारी:

आम्ही बँकेच्या छापील नमुन्यात सर्व भागीदारांचे अधिकारपत्र घ्यायचो आणि मुद्रांक मागत नव्हतो. तो नमुना त्यांच्याकडे आहे का, ते विचारा. असेल तर वाद तिथेच संपावा.

कलम आणि शाई:

मी मुद्रांकावर करून देण्याच्या बाजूचा आहे. दुसऱ्याच्या वतीने सही करण्याचा अधिकार देणारा दस्त म्हटला की उद्या कोणी त्याकडे मुखत्यारपत्र म्हणून बोट दाखवू शकतो. शाखाधिकारीसाहेबांचा अनुभव मी नाकारत नाही, पण तो नमुना न्यायालयात तपासला गेलेला मी पाहिलेला नाही.

जुना शाखाधिकारी:

मी ३४ वर्षांत तो न्यायालयात गेलेलाच पाहिला नाही, वकीलसाहेब. यावर आपले एकमत होईल असे दिसत नाही.

हळदपेठ:

नमुना विचारला. 'भागीदारांसाठी आहे, बिगर भागीदारासाठी नाही' असे उत्तर मिळाले, म्हणून मुद्रांकावर करून दिले. वहिनींची सही काल संगणकात चढली.

बारदानाच्या व्यापाऱ्याने १० तारखेचा चेक बदलून घेतला. २५ तारखेचा तो परत देत नाही. आधी पहिला वटू द्या, मग पाहू, असे म्हणतो. त्याला नोंदणीकृत टपालाने कळवले आहे आणि पोहोच आली आहे. २४ तारखेला त्या रकमेचा आरटीजीएस करून टाकावा, असे काका म्हणतात.

कलम आणि शाई:

करा, पण त्याच दिवशी त्या चेकचे पैसे थांबवण्याची सूचनाही बँकेला लेखी द्या आणि आरटीजीएसचा संदर्भ क्रमांक व्यापाऱ्याला कळवा. नाहीतर पैसेही गेलेले असतील आणि चेकही त्याच्या हातात राहील.

हळदपेठ:

ठीक आहे. त्या सूचनेवर आता वहिनींची आणि माझी सही चालेल ना?

जुना शाखाधिकारी:

चालेल. फक्त तुमच्या पत्रात अधिकार चेक आणि पैसे पाठवण्याच्या अर्जांपुरता लिहिलेला आहे. पैसे थांबवण्याचा उल्लेख मसुद्यात माझ्याकडूनच राहिला. समोरचा अधिकारी शब्दाला धरून बसणारा असेल तर वडिलांची सही घेऊन ठेवा.